अडीच किलोज्यूलची तक्रार

बारावीच्या सराव परीक्षेत मी दरवर्षी एक प्रश्न घालते. जस्ताचा तुकडा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला, हायड्रोजन निघाला. हीच अभिक्रिया एकदा उघड्या चंचुपात्रात केली आणि एकदा घट्ट बूच लावलेल्या जाड बाटलीत केली. दोन्हीकडे ΔH किती आणि ΔU किती? आणि दरवर्षी निम्म्याहून जास्त मुलं बाटलीच्या भागाखाली एकच ओळ लिहितात: आकारमान बदलत नाही, म्हणून काम शून्य, म्हणून ΔH = ΔU.

या ओळीतलं पहिलं वाक्य बरोबर आहे, दुसरं बरोबर आहे आणि तिसरं साफ चूक आहे. पेपर तपासताना त्या तिसऱ्या वाक्यावर लाल पेन टेकवलं की माझा हात थांबतो, कारण नुसती काट मारून काही सांगितल्यासारखं होत नाही. चूक छोटी आहे, आकडाही छोटा आहे, एका मोलमागे अडीच किलोज्यूल. पण तो अडीचचा आकडा येतो कुठून हे ज्याला ठाऊक नाही, त्याला एन्थाल्पी म्हणजे काय हेच ठाऊक नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून ही तक्रार जरा सविस्तर लिहिते.

आधी उघडं चंचुपात्र घेऊ. एक दशांश टक्क्याचाही घोळ नको म्हणून मोजून घेऊ: 0.654 ग्रॅम जस्त, म्हणजे बरोबर एक शतांश मोल. आम्ल 50 मिलीलिटर, एका लिटरमध्ये एक मोल अशा तीव्रतेचं. आम्ल गरजेपेक्षा जास्त आहे, त्यामुळे जस्त सगळं संपेल. खोलीचं तापमान 25 अंश, म्हणजे 298 केल्विन. अभिक्रिया अशी:

Zn(s) + 2H⁺(aq) → Zn²⁺(aq) + H₂(g), ΔH = −153.9 kJ

एका मोल जस्तामागे 153.9 किलोज्यूल, तर आपल्या शतांश मोलामागे 1539 ज्यूल उष्णता बाहेर पडणार. पात्राची आणि हवेत जाणारी उष्णता क्षणभर बाजूला ठेवली, तर 50 ग्रॅम पाणी त्यामुळे साधारण 7.4 अंशांनी तापेल. आणि हायड्रोजन निघेल सुमारे 248 मिलीलिटर.

आता हा 248 मिलीलिटर हायड्रोजन कुठे जातो? मुलं म्हणतात, हवेत उडून जातो. मला हे उत्तर आवडत नाही, कारण त्यात हवेला काही झालंच नाही असं वाटतं. चंचुपात्राच्या वर आधीपासून हवा आहे आणि तिचा दाब एका चौरस मीटरवर एक लाख न्यूटन आहे. नवा वायू जन्माला येतो तेव्हा त्याला जागा हवी असते, आणि ती जागा रिकामी नसते. त्या 248 मिलीलिटर जागेतली हवा त्याला बाजूला सारावी लागते. दाब गुणिले आकारमान: एक लाख पास्कल गुणिले 0.000248 घनमीटर, म्हणजे 24.8 ज्यूल. इतकं काम त्या हायड्रोजनने केलं. अर्धा किलो साखरेची पिशवी पाच मीटर उंच चढवायला जेवढं काम लागतं, तेवढं हे काम आहे. पूर्ण एक मोल जस्त घेतलं असतं तर 24.8 लिटर वायू निघाला असता आणि 2478 ज्यूल काम झालं असतं, म्हणजे 50 किलोचं तांदळाचं पोतं पाच मीटर वर. डोळ्यांना फक्त बुडबुडे दिसतात, म्हणून हे काम कोणाच्या लक्षात राहत नाही.

ही ऊर्जा आली कुठून? जस्त आणि आम्लाच्या आंतरिक ऊर्जेतूनच. म्हणजे आंतरिक ऊर्जेत झालेली घट दोन वाटांनी बाहेर पडली: 1539 ज्यूल उष्णता म्हणून पाण्यात आणि 24.8 ज्यूल काम म्हणून हवेत. एकूण घट 1564 ज्यूल. एका मोलाच्या भाषेत ΔU = −156.4 kJ. उघड्या पात्रात आपण थर्मामीटरने जे मोजतो ते ΔH, आणि पदार्थांच्या आतल्या ऊर्जेत खरोखर जो बदल झाला तो ΔU. दोघांमधलं अंतर म्हणजे हवेला सारायला लागलेली ऊर्जा.

एवढंच त्या सूत्रात आहे:

ΔH = ΔU + Δn_g RT

RT म्हणजे 25 अंशांना 2.48 किलोज्यूल, आणि ते दुसरं-तिसरं काही नसून एक मोल वायूने हवेला बाजूला सारण्याचं काम आहे. आदर्श वायूसाठी PV = nRT, म्हणून दाब आणि आकारमान मोजत बसायचं कारण नाही, वायूचे मोल मोजले की पुरतं. महाबळेश्वरला, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे 1350 मीटरवर, हवेचा दाब मुंबईपेक्षा कमी असतो. तिथे तोच हायड्रोजन जास्त पसरेल, पण कमी दाबाच्या हवेला सारेल, आणि तापमान 25 अंशच असलं तर गुणाकार पुन्हा 2.48 किलोज्यूलच येईल. दाब सूत्रातून नाहीसा होतो तो असा. मुलं सूत्र पाठ करतात आणि ही सुंदर गोष्ट त्यांच्या हातून निसटून जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता एकेक छोटी तक्रार.

सगळ्यात पहिली Δn बद्दल. मुलं समीकरण असं लिहितात: Zn + 2HCl → ZnCl₂ + H₂. मग उजवीकडचे मोल मोजतात, दोन. डावीकडचे मोजतात, तीन. दोन वजा तीन, उणे एक. उत्तर लिहून मोकळे. इथे योगायोग फार वाईट आहे, कारण खरं उत्तर अधिक एक आहे. आकडा तोच, चिन्ह उलट. त्यामुळे मुलाला आपलं चुकलं असं वाटतसुद्धा नाही, आणि त्याचं ΔU येतं −151.4, म्हणजे खऱ्यापेक्षा पाच किलोज्यूलने दूर. त्या लहानशा g साठी मी फळ्यावर वेगळा रंगीत खडू वापरते. फक्त वायू. जस्त स्थायू आहे, आम्ल आणि झिंक क्लोराइड पाण्यात विरघळलेलं आहे, त्यांची मोजदाद करायची नाही.

का करायची नाही, हे मुलांनी विचारायला हवं आणि ती विचारत नाहीत. एक मोल जस्त साधारण 9 मिलीलिटर जागा घेतं. एक मोल पाणी 18 मिलीलिटर. त्याच तापमानाला एक मोल वायू घेतो 24,800 मिलीलिटर. स्थायू नाहीसा झाला आणि त्याची 9 मिलीलिटर जागा हवेने भरून काढली, तर ते काम येतं 0.9 ज्यूल. वायूच्या 2478 ज्यूलपुढे ते धरण्यात अर्थ नाही. नियम पाठ करण्याऐवजी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले, तर g विसरणं शक्यच नाही.

दुसरी तक्रार एककांची. R = 8.314 हा आकडा ज्यूलमध्ये असतो आणि ΔH किलोज्यूलमध्ये. मुलं 8.314 गुणिले 298 करतात, 2478 येतात, आणि ते सरळ 153.9 च्या शेजारी आणून ठेवतात. उत्तर लिहितात, ΔU = −2631.9 kJ. त्याखाली दोन रेघा मारून चौकटही करतात. मला राग हजाराने भागायचं राहिलं याचा येत नाही. राग येतो तो त्या चौकटीचा, कारण चौकट करण्याआधी आकड्याकडे एकदा पाहिलेलं नसतं. −2631.9 खरं मानलं तर आपल्या शतांश मोल जस्ताने 50 मिलीलिटर पाण्याला 26 किलोज्यूल दिले असते. त्याने पाणी सव्वाशे अंशांनी तापलं पाहिजे, म्हणजे उकळून फुटलं पाहिजे. प्रयोगशाळेत ह्याच मुलांनी ह्याच चंचुपात्राला हात लावून पाहिलेला असतो, ते कोमट लागतं. वहीतला आकडा आणि हातातलं पात्र यांची गाठ त्यांच्या मनात कधी पडतच नाही.

तिसरी तक्रार चिन्हांची, आणि इथे मी मुलांची बाजू घेते. भौतिकशास्त्राच्या तासाला त्यांना शिकवतात की उष्णतेतून प्रणालीने केलेलं काम वजा करा, ΔU = Q − W. घंटा होते, रसायनशास्त्राचा तास सुरू होतो, आणि मी फळ्यावर लिहिते ΔU = q + w. दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात W म्हणजे प्रणालीने बाहेर केलेलं काम, दुसऱ्यात w म्हणजे बाहेरून प्रणालीवर झालेलं काम. पण हे एका वाक्यात समजावून सांगायला दोन्ही विषयांच्या शिक्षकांपैकी कोणीतरी थांबायला हवं, आणि अभ्यासक्रम संपवायच्या घाईत कोणीच थांबत नाही. शिवाय जुन्या पुस्तकांत आंतरिक ऊर्जेला U ऐवजी E लिहिलेलं असतं, त्यामुळे दादाची वही वापरणारं मूल आणखी गोंधळतं. मी आता चिन्ह पाठ करायला सांगतच नाही. मी विचारते, वायू वाढला की कमी झाला? वाढला असेल तर त्याने हवेला सारलं, म्हणजे आतून ऊर्जा गेली. मग उष्णता सुटणारी अभिक्रिया असली तर ΔU चा आकडा ΔH पेक्षा मोठा असणार, आणि उष्णता शोषणारी असली तर लहान. उत्तर त्या बाजूला आलं नाही तर चिन्ह चुकलं.

उष्णता शोषणारी अभिक्रिया म्हटली की खाण्याचा सोडा आठवतो, आणि माझी चौथी तक्रार त्याचीच. ही तक्रार प्रश्न काढणाऱ्यांबद्दल आहे. एका सरावपुस्तिकेत प्रश्न होता: 2NaHCO₃ → Na₂CO₃ + H₂O + CO₂, तर ΔH आणि ΔU मधला फरक काढा. कुठेही s नाही, l नाही, g नाही. पुढे उत्तर दिलेलं, 4.96 kJ. म्हणजे पुस्तिकेने पाणी वाफ धरलं, Δn दोन धरलं. पण 25 अंशांना पाणी द्रव असतं असं धरणाऱ्या मुलाचं उत्तर येईल 2.48, आणि तेही बरोबरच आहे. नुसत्या फरकाचाच घोळ होतो असंही नाही. पाणी वाफ असेल तर ΔH येते सुमारे 136 किलोज्यूल आणि ΔU 131. पाणी द्रव असेल तर ΔH 92 आणि ΔU 89. दोन ΔH मध्ये 44 किलोज्यूलचं अंतर आहे, म्हणजे एक मोल पाण्याची वाफ करायला लागणारी उष्णता. कंसातलं एक अक्षर गाळल्यामुळे केवढा फरक पडला. प्रश्न छापणाऱ्याला तीन अक्षरांची जागा वाचली, आणि ज्या मुलीने विचार करून द्रव धरलं तिला शून्य गुण मिळाले. अशी एक मुलगी माझ्याकडे उत्तरपत्रिका घेऊन आली होती. तिला मी सांगितलं की तू बरोबर आहेस, पण तेवढ्याने तिचे गुण परत आले नाहीत.

पाचवी तक्रार 298 ची. हा आकडा मुलांच्या हाताला इतका चिकटला आहे की प्रश्नात कोणतंही तापमान दिलं तरी T च्या जागी 298 च जातो. चुन्याच्या भट्टीचं उदाहरण घ्या. चुनखडी तापवली की कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड होतो, CaCO₃(s) → CaO(s) + CO₂(g). वातावरणाच्या दाबाला हे साधारण 900 अंशांना जोमाने होतं. भट्टीतल्या त्या तापमानाला, म्हणजे 1173 केल्विनला, RT असतो 9.75 किलोज्यूल. खोलीतल्यापेक्षा जवळजवळ चौपट. वायू गरम आहे, जास्त फुगतो, जास्त हवा सारतो, म्हणून काम जास्त. इथे आणखी एक फसगत आहे. पुस्तकातल्या तक्त्यात चुनखडीसाठी ΔH = 178.3 दिलेलं असतं, आणि ते 25 अंशांचं असतं. काही हुशार मुलं T च्या जागी नीट 1173 घालतात, पण ΔH मात्र तक्त्यातली 178.3 च घेतात. एक पाय भट्टीत आणि एक पाय खोलीत, अशी वजाबाकी करता येत नाही. ΔH ज्या तापमानाची, T त्याच तापमानाचं.

आणि T म्हणजे अभिक्रिया चालू असताना थर्मामीटरने गाठलेला सर्वात वरचा आकडाही नव्हे. सुरुवातीला सगळं 25 अंशांना होतं आणि शेवटी थंड होऊन पुन्हा 25 अंशांना आलं, अशा दोन टोकांमधला हा हिशेब आहे. मधे पाणी 32 अंशांपर्यंत गेलं तरी ती सगळी उष्णता आपण मोजून बाहेर पडली असं धरतो.

आता एक आक्षेप मला दरवर्षी ऐकावा लागतो, आणि तो मुलांकडून नाही, सहकाऱ्यांकडून येतो. दीडशेमध्ये अडीच म्हणजे दीड-दोन टक्के, एवढ्यासाठी कशाला जीव टाकता? ह्या आक्षेपात खोटं काही नाही, म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. आपल्या प्रयोगात 24.8 ज्यूल म्हणजे 50 मिलीलिटर पाण्याच्या तापमानात 0.12 अंशांचा फरक. प्रयोगशाळेतल्या एक-एक अंशाच्या खुणांच्या थर्मामीटरवर तो दिसणार नाही. थर्मोकोलच्या ग्लासातून त्याहून जास्त उष्णता गळते. आणखी एक गळती तर कोणी धरतच नाही: हायड्रोजनचे बुडबुडे पाण्यातून वर येताना कोरडे येत नाहीत, पाण्याची वाफ बरोबर घेऊन येतात. 25 अंशांना पाण्याचा बाष्पदाब 3.17 किलोपास्कल असतो. तेवढ्या वाफेने भरलेला वायू बाहेर पडला, तर एका मोल हायड्रोजनमागे सुमारे 0.03 मोल पाणी उडून जातं आणि ते जवळजवळ 1.4 किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. म्हणजे आपण जो अडीचचा हिशेब करतो आहोत, त्याच्या निम्म्याहून जास्त. पात्र कोमट झालं की हे आणखी वाढतं.

मी हे वर्गात लपवत नाही. उलट सांगते, की थर्मोकोलच्या ग्लासात बसून ΔH आणि ΔU मधला फरक मोजायला जाऊ नका, हाती काही लागणार नाही. फरक मोजण्यापेक्षा महत्त्वाचं हे आहे की तुमच्या भांड्याने तुम्हाला दोघांपैकी कोणता आकडा दिला हे ओळखा. उघड्या भांड्याने दिला तो ΔH. पोलादी बंद कुपीत पदार्थ जाळून उष्णता मोजतात, त्या बाँब कॅलरीमापीने दिला तो ΔU, आणि तिथली मोजणी इतकी बारीक असते की अडीच किलोज्यूल विसरणं परवडत नाही. तक्त्यांमधल्या ज्वलनाच्या एन्थाल्पी अशाच बंद कुपीत मोजून, मग वायूच्या मोलांचा हिशेब लावून छापलेल्या असतात. तो हिशेब कोणीतरी केला म्हणून आपल्या पुस्तकात आकडा नीट आहे.

आता त्या बाटलीकडे परत येते, कारण मुख्य तक्रार तीच आहे.

जाड काचेची बाटली, आत एकूण 500 मिलीलिटर जागा. 50 मिलीलिटर आम्ल ओतलं, वर 450 मिलीलिटर हवा राहिली. जस्त टाकलं, बूच घट्ट. (हे मनातल्या मनातच करायचं. हायड्रोजन आणि हवा एकत्र कोंडून ठेवणं हा खेळ नव्हे.) 248 मिलीलिटर जागा मागणारा हायड्रोजन आता बाहेर जाऊ शकत नाही. तो कोणाला सारत नाही, काम शून्य. म्हणून आंतरिक ऊर्जेतली सगळी घट उष्णता होते: 1564 ज्यूल. पाणी 7.4 ऐवजी साधारण 7.5 अंशांनी तापतं. इथपर्यंत मुलं बरोबर आहेत. बाटलीत जी उष्णता सुटते ती ΔU.

पण प्रश्न उष्णता किती असा नव्हता, ΔH किती असा होता. आणि एन्थाल्पीची व्याख्या उष्णता अशी नाही. व्याख्या आहे H = U + PV. ती भांडं उघडं की बंद हे विचारत नाही, ती फक्त पदार्थांची स्थिती विचारते. बाटलीत आकारमान बदललं नाही हे खरं, पण दाब बदलला. नवीन हायड्रोजनचा दाब 0.01 × 8.314 × 298 भागिले 0.00045, म्हणजे सुमारे 55,000 पास्कल. बाटलीतला दाब वातावरणाच्या दीडपटीहून थोडा जास्त झाला. मग PV मधला बदल म्हणजे 0.00045 घनमीटर गुणिले 55,000 पास्कल, आणि तो येतो 24.8 ज्यूल. तोच आकडा. उघड्या पात्रात तो हवा सारण्याचं काम म्हणून दिसला होता, इथे तो वाढलेल्या दाबाच्या रूपात बाटलीतच बसून आहे. ΔU दोन्हीकडे उणे 1564, ΔH दोन्हीकडे उणे 1539. भांडं बदलल्याने थर्मामीटर कोणता आकडा दाखवतो ते बदललं, ΔH आणि ΔU बदलले नाहीत.

काम शून्य म्हणून ΔH = ΔU असं लिहिणाऱ्या मुलाने नकळत दोन गोष्टी एक केल्या: PΔV आणि Δ(PV). दाब स्थिर असेल तेव्हाच त्या सारख्या असतात. बाटलीत नेमका दाबच स्थिर नसतो. आणि सूत्रात जे Δn_g RT आहे ते Δ(PV) आहे, PΔV नाही, म्हणूनच ते बाटलीतही तसंच लागू पडतं. ही एक ओळ नीट कळली तर पुढची सगळी वाट सोपी होते. तरीही मार्गदर्शिकांमधून ती वाट बंद केल्यासारखं छापलेलं असतं: स्थिर आकारमानाला ΔH = ΔU. वायूचे मोल बदलत नसतील तर हे चालेल. वायू तयार होत असेल तर हे चुकीचं आहे, आणि हजारो मुलं ते पाठ करतात. मला याचा त्रास होतो, आणि तो त्रास मी दरवर्षी वर्गात बोलून दाखवते.

गेल्या वर्षी हे सगळं फळ्यावर झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. वर्षभरात ती क्वचित बोलली होती. तिने विचारलं, "मॅडम, बाटली थंड होऊन 25 अंशांवर आली आणि मग बूच काढलं तर?"

मी खडू तिच्याच हातात दिला. तिने हळूहळू मांडलं. बूच काढलं की दाब वातावरणाएवढा होणार, म्हणजे 248 मिलीलिटर वायू बाहेर येणार. तो हवेला सारणार, काम 24.8 ज्यूल. वायू आदर्श धरला तर तापमान तेच राहिल्यावर त्याची आंतरिक ऊर्जा तीच राहते, म्हणून हे काम करायला लागणारी ऊर्जा त्याने कुठून तरी घ्यायला हवी. ती तो बाटलीतल्या पाण्याकडून आणि काचेकडून उष्णता म्हणून घेणार. म्हणजे बंद असताना बाटलीने बाहेर दिले 1564, आणि उघडल्यावर परत मागून घेतले 24.8. तिने वजाबाकी केली, खाली 1539 लिहिलं, आणि फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात उघड्या चंचुपात्राखाली तासाच्या सुरुवातीला मी लिहिलेल्या 1539 कडे तिने खडूने एक बाण काढला.